सिंक पुन्हा पुन्हा का तुंबतं? स्प्रिंग फिरवावी की रसायन ओतावं?

स्वयंपाकघरातलं सिंक तुंबलं, काहीतरी करून मोकळं केलं आणि महिन्याभरात परत तुंबलं, तर पहिल्या खेपेला पाइप साफ झालाच नव्हता असं धरून चालावं. झालं होतं ते एवढंच की अडथळ्यात एक भोक पडलं होतं. त्या भोकातून पाणी सुरसुर खाली गेलं, आपल्याला वाटलं काम झालं. पाइपच्या भिंतीला चिकटलेला थर मात्र जागच्या जागीच होता.

न्हाणीघरात बहुतेक वेळा केसांचा गुंता अडकतो. तो एका जागी असतो, ओढून काढला की संपला. स्वयंपाकघरात तसा बोळा क्वचितच सापडतो. तिथे दोन-तीन मीटर लांबीचा पाइप आतून ओशट थराने हळूहळू अरुंद होत जातो आणि शेवटी एखादा भाजीचा देठ किंवा भांड्यातलं खरकटं त्या अरुंद जागी अडकतं. दोष देठावर जातो, पण त्याच्या आधीचे कित्येक महिने पाइप बंद होत आलेला असतो. हाताने फिरवायची स्प्रिंग, म्हणजे हँड ऑगर, आणि बाटलीतून ओतायचं रसायन यांची तुलना करायची तर या थराचं कोण काय करतं, एवढंच बघायचं.

थर जमतो कसा, हे आधी पाहू. तेल किंवा चरबी गरम पाण्याबरोबर सिंकमधून उतरते तेव्हा पातळ असते. सिंकखालचा वाकडा तुकडा, ज्याला ट्रॅप म्हणतात, तो ती सहज ओलांडते. पुढे भिंतीत शिरल्यावर पाइप थंड असतो, पाण्याची गती कमी होते आणि स्निग्ध पदार्थ भिंतीला धरू लागतो. भांडी घासायचा साबण तेलाचे बारीक थेंब करून पाण्यात तरंगत ठेवतो, त्यामुळे ते वाहून जातं हे खरं, पण किती लांब वाहून जातं हा प्रश्न आहे. पाणी थंडावलं आणि साबण विरळ झाला की थेंब पुन्हा एकत्र येतात. म्हणून साबण-गरम पाण्याने तेल घालवलं असं आपण म्हणतो तेव्हा अनेकदा ते सिंकपासून थोडं दूर नेऊन ठेवलेलं असतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर थर मऊ राहिला असता. पण चरबीचं पाण्यात हळूहळू विघटन होऊन स्निग्ध आम्लं सुटतात आणि पाण्यातल्या कॅल्शियमशी त्यांचा संयोग होतो. तयार होतो तो कॅल्शियमचा साबण. हा साबण पाण्यात विरघळत नाही, फेस करत नाही, भुरकट पांढरा आणि खडबडीत असतो. जड पाणी असलेल्या घरांत हा प्रकार जास्त दिसतो. शहरांच्या मोठ्या गटारांत चरबीचे दगडासारखे ढीग सापडतात, त्यांतही मुख्यतः हाच पदार्थ असतो. त्याच्या खडबडीत पाठीवर मग तांदूळ, बटाटा, पीठ यांतला स्टार्च चिकटतो, चहा-कॉफीचा चोथा रुततो, वर जिवाणूंचा बुळबुळीत लेप चढतो. असा थर वरून मऊ आणि भिंतीलगत कडक असतो, हे लक्षात ठेवा. दोन्ही उपायांची हार-जीत याच गोष्टीवर ठरते.

आता थोडा हिशोब. सिंकखालचा पाइप समजा आतून 40 मिलीमीटर आहे. त्याच्या भिंतीला चहूबाजूंनी 5 मिलीमीटर थर बसला तर मधली वाट 30 मिलीमीटरची उरते. व्यास पाऊणपट झाला, पण पाण्याला मिळणारं क्षेत्रफळ जवळजवळ निम्म्यावर आलं. थर 10 मिलीमीटर झाला तर वाट 20 मिलीमीटरची आणि क्षेत्रफळ फक्त एक चतुर्थांश. शिवाय अरुंद वाटेत घर्षण जास्त, त्यामुळे वाहणारं पाणी त्याहूनही कमी. गंमत अशी की पहिल्या 5 मिलीमीटरपर्यंत बहुतेकांच्या काहीच लक्षात येत नाही, कारण नळाची धार पाइपच्या कुवतीपेक्षा फार लहान असते. त्रास जाणवतो तो सिंक भरून एकदम सोडलं तर, किंवा थर आणखी वाढल्यावर.

आणखी एक आकडा बघा. असा 5 मिलीमीटरचा थर 2 मीटर लांब पसरला असेल तर त्याचं आकारमान साधारण 1.1 लिटर भरतं, म्हणजे वजनाने सुमारे एक किलो चरबी. अडथळा म्हटलं की डोळ्यांपुढे मुठीएवढा गोळा येतो. प्रत्यक्षात काढायचा असतो तो एक किलो माल, तोही दोन मीटरवर पसरलेला.

या एक किलोपुढे रसायनाची बाटली ठेवून बघू.

बाजारात मिळणाऱ्या पाइप मोकळा करायच्या रसायनांत सगळ्यात जास्त दिसतो तो कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. दाण्यांच्या रूपात तो जवळपास शुद्ध असू शकतो. द्रवात किंवा जेलमध्ये तो पाण्यात मिसळलेला असतो, बऱ्याचदा सोबत ब्लीच असतं. काही दाणेदार मिश्रणांत अॅल्युमिनियमचे तुकडे असतात. कॉस्टिक सोडा आणि अॅल्युमिनियम यांची गाठ पडली की उष्णता आणि हायड्रोजन वायू निघतो, आणि त्या खळबळीने अडथळा ढिला व्हावा अशी कल्पना असते. दुसरा प्रकार तीव्र सल्फ्युरिक आम्लाचा. तो इतका घातक आहे की घरी कुणी हात लावूच नये असं माझं मत आहे. तिसरा प्रकार एन्झाइम आणि जिवाणूंचा, त्याबद्दल पुढे.

कॉस्टिक सोडा चरबीचं साबण करतो. साबण बनवण्याच्या जुन्या पद्धतीत जे घडतं तेच पाइपमध्ये घडवायचा हा प्रयत्न. यात रसायनशास्त्र खोटं नाही, अडचण प्रमाणाची आहे. साध्या तेल-चरबीला पूर्ण साबण व्हायला दर 100 ग्रॅममागे सुमारे 13 ते 14 ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. म्हणजे आपल्या एक किलो थराला 135 ग्रॅमच्या आसपास. आता समजा एक लिटरच्या जेलमध्ये 5 टक्के कॉस्टिक सोडा आहे. सगळी बाटली ओतली तरी पडतो तो 50 ग्रॅम. त्यातला कण न् कण चरबीलाच भेटला तरी थराचा एक तृतीयांशापेक्षा थोडा जास्त भाग साबण होईल. प्रत्यक्षात भेट फक्त वरच्या पृष्ठभागाशी होते. साबण बनवताना मिश्रण सतत ढवळतात, ते उगीच नाही. पाइपमध्ये ढवळणारं कुणी नसतं. वरचा पातळ पापुद्रा साबण होतो, तो खालच्या चरबीवर पसरून राहतो आणि रसायनाला पुढे जाऊ देत नाही.

सिंकमध्ये पाणी साचलेलं असेल तर आणखी वाईट. पाच लिटर साचलेल्या पाण्यात अर्धा लिटर जेल गेलं की त्याची तीव्रता अकरापट कमी झाली. जेल जड असल्यामुळे ते तळाशी बसून अडथळ्यापर्यंत पोचेल असा दावा असतो, आणि ट्रॅपच्या आतच अडथळा असेल तर तो काही अंशी बरोबरही ठरतो. पण अडथळा तीन मीटर आत असेल आणि मधला पाइप भरलेला असेल तर ते पाणी ओलांडून जायला काही कारणच नाही.

मग कित्येकदा रसायन ओतल्यावर पाणी उतरतं ते का? कारण अडथळ्यात आधीच एक बारीक वाट असते. रसायन त्या वाटेने जातं, वाटेच्या कडा थोड्या विरघळवतं आणि वाट पेन्सिलीएवढी होती ती बोटाएवढी होते. पाणी जाऊ लागलं की उरलेलं रसायनही त्याच पाण्याबरोबर निघून जातं, काम अर्धवट टाकून. जिथे सगळ्यात कमी गरज होती तिथूनच ते गेलं. भिंतीलगतचा कॅल्शियमचा साबण तर तसाच राहतो, कारण तो आधीच साबण झालेला आहे, कॉस्टिक सोड्याने त्याचं आणखी काय होणार? वर, नव्याने तयार झालेला सोडियमचा साबण पुढे जड पाण्यात मिसळला की त्याचाही काही भाग कॅल्शियमचा साबण होऊन खालच्या पाइपमध्ये बसतो. दर वेळी बाटली ओतून सिंक मोकळं करणाऱ्या घरांत दोन तुंबण्यांमधलं अंतर कमी कमी का होत जातं, याचं उत्तर बरंचसं इथे आहे.

उष्णतेचाही विचार करायला हवा. शंभर ग्रॅम शुद्ध कॉस्टिक सोडा अर्धा लिटर पाण्यात एकदम टाकला तर विरघळतानाच ते पाणी साधारण 50 अंशांनी तापतं. साध्या तापमानाचं पाणी 75 अंशांच्या पुढे जातं. सिंकखालचे पाइप अनेक ठिकाणी पीव्हीसीचे असतात आणि पीव्हीसीला सतत 60 अंशांपलीकडची उष्णता मानवत नाही. तो मऊ पडतो, वाकतो, सांधे ढिले होतात. याच कारणाने पीव्हीसी पाइपमध्ये खळखळ उकळतं पाणी ओतू नये. दाणे टाकून पाणी कमी पडलं तर उलट प्रकार होतो: ओले दाणे एकमेकांना धरून ट्रॅपमध्ये खडकासारखा गोळा होतो. मग चरबी होती ती राहते आणि वर कॉस्टिक सोड्याचा दगड बसतो. सिंकची जाळी किंवा जोड अॅल्युमिनियमचा असेल, पाइप जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी असेल, तर कॉस्टिक सोडा त्या धातूलाच खातो.

सगळ्यात मोठा धोका मात्र रसायन अयशस्वी झाल्यावर सुरू होतो. आता ट्रॅपमध्ये साधं पाणी नाही, दाहक द्राव भरून आहे. या अवस्थेत नट सैल केला की तो हातावर, तोंडावर येतो. रबरी पंप मारला तर उसळून डोळ्यांत जातो. स्प्रिंग घातली तर बाहेर ओढताना तिचे शिंतोडे चौफेर उडतात. डोळ्यांत गेलाच तर वाहत्या पाण्याने निदान 15 ते 20 मिनिटं सलग धुवायचं आणि ताबडतोब डॉक्टरांकडे जायचं. त्याहून भयंकर चूक म्हणजे एक चाललं नाही म्हणून वर दुसरं ओतणं. ब्लीच असलेल्या रसायनावर आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच आणि अमोनिया असलेलं क्लीनर एकत्र आलं तरी विषारी वायू निघतात. कॉस्टिक सोड्यावर तीव्र आम्ल टाकलं तर ते उकळून बाहेर उसळतं. प्लंबरला बोलावणार असाल तर काय ओतलंय आणि कधी, हे तो हात घालायच्या आधी सांगा.

जाता जाता व्हिनेगर आणि खायच्या सोड्याबद्दल, कारण ते कुणी ना कुणी सुचवतंच. फेस छान येतो. पण आम्ल आणि अल्क यांनी एकमेकांना संपवलं, वायू उडून गेला, आणि मागे राहिलं ते किंचित खारट पाणी. चरबीला त्याचं काही सोयरसुतक नाही.

आता स्प्रिंगकडे वळू. हँड ऑगर म्हणजे एका डब्यात गुंडाळलेली लवचिक पोलादी केबल, पुढच्या टोकाला रुंद होत गेलेला मळसूत्री वेटोळा आणि मागे फिरवायचा दांडा. घरगुती ऑगरची केबल साधारण 6 ते 8 मिलीमीटर जाड आणि साडेचार ते साडेसात मीटर लांब असते. ती चरबी विरघळवत नाही, फक्त टोचते, खरवडते आणि जे अडकेल ते मागे ओढते. तिची मर्यादाही स्पष्ट आहे: 6 मिलीमीटरची केबल 50 मिलीमीटरच्या पाइपमधून सरळ घुसवली आणि ओढून काढली तर तीही एक भोकच पाडते. फरक हा की ती कितीही वेळा घालता येते, तिचं टोक मोठं लावता येतं, आणि आत काय आहे ते हाताला कळतं. रसायनाकडून अशी काहीच खबर मिळत नाही.

स्प्रिंग सिंकच्या भोकातून घालायची नाही. तिथून जाळी, मग ट्रॅपचं वळण, एवढ्यात तिचा अर्धा जोर संपतो आणि पातळ ट्रॅपला ओरखडे पडतात. सिंकखाली बादली ठेवा, ट्रॅपचे दोन्ही नट हाताने सैल करा आणि ट्रॅप उतरवून घ्या. त्यातच गाळ भरलेला असेल तर तो घासून धुवायचा, परत बसवायचा. अनेकदा गोष्ट तिथेच संपते आणि ना ऑगर लागतो ना बाटली. वॉशर कुठल्या बाजूने बसला होता ते काढतानाच पाहून ठेवा, नाहीतर नंतर थेंब थेंब गळत राहतं.

ट्रॅप स्वच्छ निघाला तर भिंतीतून बाहेर आलेल्या पाइपच्या तोंडातून केबल आत सोडा. हाताने ढकलून जाईल तितकी जाऊ द्या. अडली की पाइपच्या तोंडाबाहेर साधारण वीतभर केबल मोकळी ठेवून डब्याचा स्क्रू आवळा आणि दांडा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत हलका दाब द्या. वीतभरापेक्षा जास्त मोकळी ठेवली तर ती बाहेरच पिळवटते आणि हातावर उसळू शकते.

हाताला काय लागतंय हे ओळखायला थोड्याच वेळात जमतं. पाइपचं वळण असेल तर टोक टणकन अडतं, आणि दोन-तीन फेरे फिरवल्यावर अचानक सुटून पुढे जातं. ओशट थर असेल तर स्पर्श बोथट, दबणारा असतो. केबल जाते, पण जड जाते, आणि मागे घेतल्यावर तिच्या वेटोळ्यांत करडा-पांढरा चिकट माल भरून येतो. दांडा फिरवतोय पण टोक फिरत नाही आणि केबल हातात पिळवटू लागली, तर थांबायचं. जोर लावला तर ती गाठ मारून पाइपमध्येच अडकते. आणि बरीच केबल कुठलाही अडथळा न लागता गेली, टोकाला काहीच आलं नाही, तर ती उभ्या मोठ्या पाइपमध्ये पोचलेली असू शकते किंवा एखाद्या जोडाशी वळून हवेसाठी वर गेलेल्या व्हेंट पाइपमध्ये चढलेली असू शकते. अशा वेळी आणखी केबल सोडण्यात अर्थ नाही.

बाहेर काढतानाही दांडा त्याच दिशेने फिरवत राहायचा. उलटा फिरवला की वेटोळ्याने पकडलेला माल सुटून परत आतच पडतो. ही छोटी गोष्ट अर्ध्या लोकांकडून चुकते असं मला वाटतं. बाहेर आलेली केबल जुन्या फडक्याने पुसत पुसत डब्यात घ्या.

अडथळा किती आत आहे याचा अंदाज स्प्रिंग घालायच्या आधीच काढता येतो आणि त्यासाठी फक्त एक लिटरचं मापटं लागतं. 40 मिलीमीटरच्या पाइपमध्ये दर मीटरला सव्वा लिटर पाणी मावतं, 50 मिलीमीटरच्या पाइपमध्ये जवळजवळ 2 लिटर. सिंक पूर्ण बंद नसेल, हळूहळू उतरत असेल, तर रात्री वापर संपल्यावर पाइप रिकामा व्हायला वेळ द्यायचा. सकाळी मापून पाणी भराभर ओतायचं आणि किती लिटरला ते सिंकमध्ये चढू लागतं ते बघायचं.

एक घर घेऊ. सिंक सुरुवातीला दीड-दोन महिन्यांनी तुंबायचं, दर वेळी कॉस्टिकचं जेल ओतलं की उतरायचं. पुढे हे अंतर पंधरा दिवसांवर आलं. ट्रॅप उघडून पाहिला तर त्यात काही नाही. ट्रॅपनंतरचा पाइप 50 मिलीमीटरचा, भिंतीतून आडवा जाऊन सुमारे साडेतीन मीटरवर उभ्या पाइपला मिळतो. सकाळच्या चाचणीत सातवं लिटर ओतताना पाणी सिंकमध्ये चढलं. सात भागिले दोन, म्हणजे साडेतीन मीटर. हा आकडा ढोबळच धरायचा: ओतता ओतता काही पाणी अडथळ्यातून निसटतं, त्यामुळे अंतर आहे त्यापेक्षा जास्त वाटतं, आणि थराने पाइप अरुंद झालेला असल्याने ते कमीही वाटतं. पण अडथळा सिंकखाली नाही, आडव्या पाइपच्या शेवटाकडे आहे, एवढं नक्की झालं. म्हणजे आजवरची प्रत्येक बाटली तीन मीटर पाइप ओलांडून, पातळ होऊन तिथे पोचत होती.

या घरात शेवटचं जेल ओतून बरेच दिवस झाले होते आणि मधल्या काळात भरपूर पाणी वाहिलं होतं, म्हणून ट्रॅप उघडायला हरकत नव्हती. तरी हातमोजे आणि चष्मा घातलेला बरा. 8 मिलीमीटरची केबल आत गेली. तीन मीटरच्या जरा अलीकडे बोथट अडथळा लागला, फिरवल्यावर केबल पार झाली. ट्रॅप बसवून नळ सोडला तर पाणी झकास जाऊ लागलं. नव्वद टक्के लोक इथे हात धुतात, आणि पंधरा दिवसांनी परत बसतात.

इथे सिंक भरून मोजायला हवं. या सिंकमध्ये 15 लिटर पाणी मावत होतं. पाइप चांगला होता त्या काळात भरलेलं सिंक अर्ध्या मिनिटात रिकामं व्हायचं, हे घरच्यांना आठवत होतं. स्प्रिंगच्या पहिल्या खेपेनंतर त्याला 70 सेकंद लागले. नळाच्या धारेला पाइप मोकळा वाटत होता, भरलेल्या सिंकला नव्हता. परत ट्रॅप काढला, केबलला पाइपमध्ये जेमतेम मावेल असं रुंद टोक लावलं, आणि अडथळ्याच्या अलीकडे अर्धा मीटर व पलीकडे अर्धा मीटर ते पुढे-मागे फिरवत नेलं. दर खेपेला केबल बाहेर काढून पुसली. पहिल्या दोन खेपांना मऊ करडा माल आला, तिसऱ्या खेपेला पांढरे कडक पापुद्रे आले. ते पापुद्रे म्हणजे भिंतीलगतचा कॅल्शियमचा साबण. ते दिसू लागले की आपण भिंतीपर्यंत पोचलो.

खरवडलेला माल पाइपमध्ये सोडून द्यायचा नसतो, नाहीतर तोच पुढे जाऊन बसतो. सिंकचं भोक बंद करून ते 55 अंशांच्या आसपासच्या गरम पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने काठोकाठ भरायचं आणि एकदम सोडायचं. नळाच्या धारेने पाइपचा फक्त तळ धुतला जातो. भरलेलं सिंक एकदम सोडलं की पाइप पूर्ण भरून वाहतो आणि वरच्या बाजूचे तुकडेही निघतात. असं तीन-चार वेळा केल्यावर सिंक रिकामं व्हायला 35 सेकंद लागू लागले. पूर्वीइतकं नाही, पण जवळपास. हा आकडा कुठेतरी लिहून ठेवावा. पुढे तो 45 झाला की तुंबायची वाट न पाहता एक खेप स्प्रिंग फिरवता येते.

रसायनांना मग जागाच नाही का? थोडी आहे. साफ केलेल्या पाइपमध्ये थर नव्याने पातळ असतानाच तो रोखायला एन्झाइम-जिवाणूंचं मिश्रण कामी येतं. ते रात्री शेवटचा वापर झाल्यावर कोमट पाण्यात घालून सोडायचं, मग सकाळपर्यंत नळ उघडायचा नाही. ब्लीच किंवा फार गरम पाणी पडलं तर जिवाणू मरतात. तुंबलेला पाइप ते उघडू शकत नाहीत, तशी अपेक्षाही ठेवू नये. कॉस्टिकचं जेल वापरायचंच असेल तर पाणी वाहतं आहे, अडथळा ट्रॅपजवळ आहे, पाइपमध्ये अॅल्युमिनियम किंवा जस्त नाही, अशा ठिकाणी, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात आणि तेवढ्याच वेळेपुरतं. पाणी पूर्ण अडलेलं असताना ते ओतणं हा सगळ्यात वाईट वापर, आणि लोक नेमका तोच करतात.

एवढं करूनही सिंक परत त्याच अंतरावर तुंबलं तर दोष थराचा नाही, पाइपचा आहे. आडव्या पाइपला दर मीटरला सुमारे 2 सेंटिमीटर उतार लागतो. मधला आधार सुटून पाइप झोळला असेल तर त्या खोलगट भागात पाणी कायम साचून राहतं, ते थंड असतं, आणि येणारी चरबी नेमकी तिथे गोठते. पाइप उघडा दिसत असेल तर लेव्हल लावून हे लगेच कळतं. भिंतीत असेल तर प्लंबर कॅमेरा आत सोडतो, आणि जिथे कॅमेरा पाण्याखाली बुडतो तिथे झोळ. दुसरी शक्यता व्हेंट पाइप बंद असण्याची. तेव्हा सिंक गुळगुळ आवाज करत, थांबत थांबत रिकामं होतं आणि स्प्रिंगला मात्र काहीच लागत नाही. तिसरी, आठ-दहा मीटर लांबीचा पाइप पुरता थराने भरलेला असण्याची. तिथे हाताची केबल पुरत नाही, जोरदार दाबाच्या पाण्याने भिंत धुवून काढणारं मशीन आणावं लागतं. झोळ असेल तर ते मशीनही काही महिन्यांचीच सवलत देतं. मग पाइप उघडून, उतार धरून, दोन आधारांमधलं अंतर कमी करून तो नव्याने बसवावा लागतो.